पहिला नंबर ‘ब’ला

वेबसाइट उघडली की सगळ्यात वर एक रुंद पट्टा दिसतो. त्यात मोठा फोटो, दोन ओळी मजकूर आणि एक बटण असतं. या पट्ट्याला बॅनर म्हणतात. छोट्या व्यवसायाची वेबसाइट तयार होताना सर्वांत जास्त खल याच पट्ट्यावर होतो. डिझायनर सहसा तीन नमुने पाठवतो. ते घरात फिरतात, फॅमिली ग्रुपवर जातात. मुलाला पहिला आवडतो, जावेला तिसरा, शेजाऱ्यांना पहिल्यातला फोटो आणि तिसऱ्यातला रंग. शेवटी डिझायनरला मेसेज जातो, ‘तिन्ही छान आहेत. तुमच्या मते कोणता घ्यावा? आणि का?’

‘दुसरा घ्या, क्लीन आणि मॉडर्न वाटतो’ असं उत्तर पुष्कळ वेळा येतं. क्लायंटला त्यातून काहीच हाती लागत नाही, कारण ‘क्लीन’ आहे की नाही हे तिला तपासता येत नाही. तिला पहिला नमुना मॉडर्न वाटत असेल तर वाद तिथेच थांबतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा नमुना लागतो. उपयोगी उत्तर वेगळ्या रीतीने लिहिलेलं असतं. त्यातलं प्रत्येक कारण क्लायंटला स्वतःच्या फोनवर पडताळून पाहता येतं.

उदाहरणादाखल डोंबिवलीतल्या एका घरगुती फराळाच्या व्यवसायाची कल्पना करू. या ताई दिवाळीआधी चकली, चिवडा, शेव, करंज्या, अनारसे आणि बेसनाचे लाडू परदेशी पाठवतात. आजवर सगळ्या ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येत होत्या, यंदा वेबसाइट करायची आहे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं आहे. एक म्हणजे इथले आईवडील, ज्यांची मुलं अमेरिकेत, दुबईत किंवा लंडनमध्ये आहेत. दुसरं म्हणजे ती मुलं स्वतः. दोघांचे पहिले प्रश्न तेच असतात. काय काय मिळतं? आमच्या देशात पोचतं का? आणि ऑर्डर कधीपर्यंत द्यायची?

डिझायनरने तीन नमुने केले. ‘अ’मध्ये फराळाने भरलेल्या ताटाचा फोटो पट्टाभर पसरलेला आहे आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर आहे. ‘ब’मध्ये डावीकडे क्रीम रंगाची मोकळी जागा आहे. तिथे गडद लालसर रंगात मजकूर, त्याखाली ‘फराळ मागवा’ हे बटण आणि उजवीकडे फोटो. ‘क’मध्ये पाच चित्रं आहेत आणि ती एकामागून एक आपोआप सरकतात. एकावर चकली, एकावर लाडू, एकावर पॅकिंग, चौथ्यावर देशवार शेवटच्या तारखा आणि पाचव्यावर गिऱ्हाइकांचे अभिप्राय.

ताईंना ‘अ’ आवडला होता. डिझायनरचं उत्तर असं गेलं:

‘नमस्कार ताई. माझा पहिला क्रमांक “ब”ला आहे, दुसरा “अ”ला आणि तिसरा “क”ला.

क्रम लावताना मी एकच प्रश्न समोर ठेवला. पहिल्या भेटीत आपलं ठरलं होतं की फोनवर पान उघडणाऱ्याला खाली न सरकवता तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: काय मिळतं, त्याच्या देशात पोचतं का आणि ऑर्डरची शेवटची तारीख कोणती.

“ब”मध्ये या तिन्ही गोष्टी फोनवर सहज वाचता येतात, कारण मजकूर साध्या रंगावर आहे. तो फोटोत कोरलेलाही नाही. अमेरिकेची तारीख उलटली की तुम्ही स्वतः तिथे दुबईची तारीख टाकू शकाल. त्यासाठी मला फोन करावा लागणार नाही.

“अ”चा फोटो तिन्हींत सर्वांत चांगला आहे. पण पांढरी अक्षरं चकलीवर आणि चिवड्यावर आल्यामुळे फोनवर ती दिसत नाहीत. मागे काळपट छटा देऊन बघितली. अक्षरं दिसू लागली, पण फराळाचा सोनेरी रंग गेला.

“क”मध्ये तारखा चौथ्या चित्रावर आहेत. तिथवर थांबणारे लोक फार थोडे असतात.

“ब”ची एक उणीव आहे. फोटो लहान पडतो, “अ” बघून जी भूक लागते ती याने लागत नाही. “अ”चाच फोटो “ब”मध्ये थोडा मोठा करून घ्यावा असं मला वाटतं.

सोबत तिन्हींच्या लिंक पाठवतो आहे. त्या तुमच्या फोनवर, गॅलरीत उजेडात उभं राहून उघडून बघा. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर सोमवारी पान सुरू करता येईल.’

मेसेज छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. त्यातल्या प्रत्येक परिच्छेदामागे मात्र या कामातली काही ना काही ठाम माहिती आहे.

पहिल्या ओळीत निकाल आहे, आणि तोही तिन्ही क्रमांकांसह. नुसतं ‘ब चांगला आहे’ म्हटलं तर ‘अ’ थोडक्यात मागे पडला की फारच मागे राहिला, हे कळत नाही. इथे ‘अ’ दुसरा आहे हे वाचताच ताईंना समजतं की त्यांची निवड पूर्ण चुकीची नव्हती. पुढचं सगळं त्या मग मोकळ्या मनाने वाचतात. लगेच दुसऱ्या परिच्छेदात मोजपट्टी येते. ती डिझायनरने निकालानंतर शोधलेली नाही, दोघांनी पहिल्या भेटीत ठरवलेली आहे. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मोजपट्टी बदलली की क्रमही बदलतो. हाच बॅनर फराळाऐवजी एखाद्या नव्या मिठाईच्या दुकानाचा असता, शेवटच्या तारखेची भानगड नसती आणि फक्त तोंडाला पाणी सुटायला हवं असतं, तर ‘अ’ पहिला आला असता.

आता फोनचा मुद्दा. डिझायनर नमुना करतो तो मोठ्या पडद्यावर. डेस्कटॉपसाठीचा बॅनर बहुधा १९२० पिक्सेल रुंद आणि सुमारे ६०० पिक्सेल उंच असतो. साध्या अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी वेबसाइटच्या हिशेबात ३६० पिक्सेलच्या आसपास भरते. संपूर्ण बॅनर एकच चित्र म्हणून केला असेल आणि फोनवर तोच आकसून दाखवला, तर त्याची उंची साधारण ११२ पिक्सेल उरते. मोठ्या पडद्यावर ४८ पिक्सेलचं ठसठशीत दिसणारं अक्षर फोनवर ९ पिक्सेलचं होतं. देवनागरीला हे जास्त जाचतं, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार, तर खाली उकार असतात. तेवढ्या उंचीत ‘र्फ’चा रफार आणि अनुस्वाराचा ठिपका एकमेकांत मिसळतात.

उलट चित्र न आकसता त्याच्या कडा कापून उंची कायम ठेवली, तर डावी-उजवी बाजू जाते. मजकूर कडेला असेल तर अर्धा शब्द गायब होतो. ‘ब’मध्ये मजकूर आणि फोटो हे दोन सुटे भाग आहेत. मोठ्या पडद्यावर ते शेजारी-शेजारी असतात आणि फोनवर एकाखाली एक येतात. अक्षरांचा आकार फोनसाठी वेगळा ठरवता येतो. म्हणून तो टिकला.

ताईंची चूक अशी नव्हतीच की त्यांना चांगलं-वाईट कळत नाही. त्यांनी नमुने लॅपटॉपवर पाहिले होते, आणि तिथे ‘अ’ खरोखरच उठून दिसतो. नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की आणखी एक घोटाळा होतो. तिथे चित्र दाबून लहान केलं जातं, अक्षरांच्या कडा धुरकट होतात आणि एखादा चांगला नमुनाही वाईट दिसतो. म्हणून मेसेजमध्ये चित्रांऐवजी लिंक आहेत.

‘अक्षरं दिसत नाहीत’ हे आवडीनिवडीचं वाक्य वाटतं, पण ते मोजता येतं. वेबसाठीचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सुगम्यतेचे नियम केले आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती २००८ साली आली. त्यात अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर सांगितलं आहे. काळ्यावर पांढरं असेल तर ते २१:१ भरतं, हे जास्तीत जास्त. साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं. अक्षर मोठं असेल, म्हणजे सुमारे २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठं, तर ३:१ चालतं. तळलेल्या चकलीचा सोनेरी रंग घेतला आणि त्यावर पांढरं अक्षर ठेवलं तर गुणोत्तर सव्वादोनच्या आसपास येतं. म्हणजे मोठ्या अक्षरालाही ते पुरत नाही. ‘ब’मधला गडद लाल रंग क्रीमवर सुमारे ११:१ देतो. रंगांचे आकडे टाकले की हे गुणोत्तर सांगणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत, कोणालाही दोन मिनिटांत पडताळा घेता येतो.

फोटोवरच्या मजकुराची गोम अशी की तिथे एकच गुणोत्तर नसतं. ताटातल्या करंजीच्या पांढुरक्या पारीवर ते एक येतं, काळसर कढईवर वेगळं. त्यामुळे मोजायचं ते जिथे फोटो सर्वांत उजळ आहे आणि अक्षर त्याच्यावर आहे तिथे. ओळीतलं एक अक्षर जरी त्या जागी हरवलं तरी शब्द अडखळतो. डिझायनर यावर फोटो आणि अक्षर यांच्यामध्ये काळसर पारदर्शक थर घालतात. दगडी वाडा, समुद्र, रात्रीचं शहर अशा फोटोंना तो खपून जातो. खाद्यपदार्थाला मात्र तो मारक ठरतो, कारण ताजेपणा रंगावरूनच कळतो. काळवंडलेली चकली जळकी दिसते. मेसेजमध्ये डिझायनरने ‘काळपट छटा देऊन बघितली’ असं लिहिलं ते याचसाठी. ताईंचा पुढचा प्रश्न तोच असणार होता, त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं.

‘क’ला तिसरा क्रमांक देताना डिझायनरने फार शब्द खर्च केले नाहीत. सरकत्या चित्रांचा बॅनर क्लायंटना आवडतो, कारण त्यात कशाचीच निवड करावी लागत नाही. चकलीही येते, लाडूही येतो, अभिप्रायही येतात. पाहणाऱ्याच्या बाजूने मात्र त्याचा अनुभव वाईट आहे. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात वेबचं काम पाहणाऱ्या एरिक रनियन यांनी २०१३ साली तिथल्या सरकत्या बॅनरची आकडेवारी मांडली. पान उघडणाऱ्यांपैकी साधारण शंभरात एकानेच बॅनरवर क्लिक केलं होतं आणि त्यातली बहुतेक क्लिकं पहिल्या चित्रावरची होती. त्याच वर्षी याकोब नील्सन यांनी सीमेन्सच्या एका पानाची चाचणी सांगितली. वॉशिंग मशीनवर काही सवलत आहे का, हे एका बाईंना शोधायचं होतं. सवलत सरकत्या बॅनरमध्ये, पानावरच्या सर्वांत मोठ्या अक्षरांत होती आणि तरी त्यांना ती सापडली नाही.

यामागचं एक कारण त्याआधीपासून माहीत होतं. १९९८ साली राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन यांनी दाखवलं होतं की लोक वेबवर काही शोधत असताना जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या ठळक पट्ट्यावरून त्यांची नजर सरळ पुढे जाते. हलणारा, चमकणारा पट्टा जाहिरातीसारखाच दिसतो. शिवाय वाचणाऱ्याचा वेग चित्राच्या वेगाशी जुळत नाही. डोंबिवलीच्या आजोबांनी ‘न्यू जर्सी’ वाचेपर्यंत चित्र सरकलेलं असतं. सुगम्यतेच्या नियमांनुसार आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त वेळ हलणारा मजकूर थांबवायची सोय द्यावी लागते. अनेक तयार टेम्पलेटांमध्ये ती नसते.

वजनाचा मुद्दाही ‘क’च्या विरुद्ध जातो. कॅमेऱ्यातून आलेला फोटो तसाच चढवला तर तो ३-४ एमबीचा असतो. पाच फोटो म्हणजे पंधरा-वीस एमबी. तोच फोटो योग्य आकारात आणून वेबपी या प्रकारात साठवला तर बहुधा दीडदोनशे केबीत बसतो. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलने घालून दिलेली चांगल्या पानाची रेषा आहे. फोनवर तो सर्वांत मोठा भाग पुष्कळदा बॅनरचा फोटोच असतो. डिझायनरने हे मेसेजमध्ये लिहिलं नाही, आणि ते बरोबर केलं. ताईंना निर्णय घ्यायला त्याची गरज नव्हती, आणि फोटो हलके करणं हे त्याचं स्वतःचं काम आहे.

मग कोणी विचारेल, एवढी कारणं कशाला? तिन्ही बॅनर थोडे-थोडे दिवस लावून कोणत्यावर जास्त ऑर्डरी येतात ते बघावं. मोठ्या वेबसाइटवर हेच करतात. २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीसाठी बराक ओबामा यांच्या प्रचारात डॅन सिरोकर यांच्या गटाने वेबसाइटच्या पहिल्या पानावर असा प्रयोग केला. चार तऱ्हेची बटणं आणि सहा तऱ्हेची चित्रं किंवा व्हिडिओ, अशा २४ जोड्या सुमारे ३ लाख १० हजार पाहुण्यांना वाटून दाखवल्या. गटातल्या लोकांचा कल एका व्हिडिओकडे होता. प्रत्यक्षात सगळे व्हिडिओ सगळ्या फोटोंच्या मागे पडले. ओबामांच्या कुटुंबाचा फोटो आणि ‘अधिक जाणून घ्या’ असं बटण ही जोडी जिंकली आणि नाव नोंदवणाऱ्यांचं प्रमाण ८.२६ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर गेलं.

जाणकारांचा अंदाजही चुकतो हे या प्रयोगातून दिसलं. पण तो करायला लाखांत माणसं होती. फराळाच्या वेबसाइटवर शंभरातल्या तिघांनी ऑर्डर दिली आणि दुसऱ्या बॅनरने ते प्रमाण चारवर जातं का हे खात्रीने पाहायचं असेल, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने प्रत्येक बॅनर सुमारे पाच हजार लोकांना दाखवावा लागेल. तीन बॅनर म्हणजे पंधरा हजार. दिवाळीच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांत एवढे लोक घरगुती व्यवसायाच्या पानावर येत नाहीत. पन्नास-साठ ऑर्डरींवरून ‘हा जिंकला’ म्हणणं म्हणजे नाणं चार वेळा उडवून निकाल सांगणं. छोट्या व्यवसायात क्रम अनुभवाने आणि मोजता येणाऱ्या गोष्टींनीच लावावा लागतो तो यामुळे. म्हणूनच कारणं उघड लिहिण्याला महत्त्व येतं. त्याच कारणाने चांगल्या उत्तरात ‘ब लावला तर ऑर्डरी दुप्पट होतील’ असं वचन नसतं. अक्षरं वाचता येतील एवढं डिझायनर सांगू शकतो. त्यापुढे चकलीचा दर आणि कुरिअरचा खर्च बोलतो.

अनुभवाचा एक भाग मात्र मोजताही येत नाही, आणि मेसेजमध्ये तो वेगळा ओळखू येतो. ‘अक्षरं फोनवर दिसत नाहीत’ हे विधान आहे. ‘फोटो थोडा मोठा करून घ्यावा असं मला वाटतं’ हे मत आहे. दोन्हींची भाषा वेगळी ठेवली की ताई मताला नकार देऊ शकतात आणि विधान पडताळू शकतात. सगळंच ठाम सुरात लिहिलं की क्लायंटला एकतर सगळं मान्य करावं लागतं किंवा सगळ्यावर शंका घ्यावी लागते.

पहिल्या आलेल्या नमुन्याची उणीव स्वतःहून सांगणं हेही असंच उपयोगी पडतं. ताईंना ‘अ’मध्ये काय आवडलं होतं? फोटो. ती गोष्ट डिझायनरने ओळखली, नोंदवली आणि ‘ब’मध्ये आणायची वाट दाखवली. हे न केल्यास जे होतं ते या कामातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. क्लायंटचा उलट मेसेज येतो, ‘अ-चा फोटो, ब-ची अक्षरं आणि क-सारखं थोडं हलू दे.’ तिन्हींचे तुकडे एकत्र आणले की अक्षरं पुन्हा चकलीवर जातात आणि सुरुवात पहिल्यापासून होते. कोणता भाग उचलून नेता येतो आणि कोणता नाही, हे डिझायनरनेच आधी सांगितलं तर ही फेरी वाचते. फोटो नेता येतो. अक्षरांची जागा नेता येत नाही, कारण ‘ब’ पहिला आला तो त्या जागेमुळेच.

शेवटची ओळ तारखेची आहे. ‘तुमचा अभिप्राय कळवा’ असं मोघम लिहिलेले मेसेज आठवडाभर पडून राहतात. इथे शुक्रवार आणि सोमवार असे दोन दिवस दिले आहेत. दिवाळीच्या धंद्यात ते दिवस खरोखरच मोजके असतात, कारण अमेरिकेला जाणारं पार्सल इथून बरंच आधी निघावं लागतं आणि बॅनरवरची पहिली तारीख तीच असते.

स्वतःच्या व्यवसायासाठी वेबसाइट करून घेणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. नमुने मागण्याआधीच डिझायनरसोबत बसून, बॅनर पाहणाऱ्याला काय कळलं पाहिजे ते दोन ओळींत लिहून घ्यावं. नमुने आले की त्यांचा क्रम मागावा, प्रत्येक क्रमांकाचं कारण मागावं आणि पहिल्या आलेल्या नमुन्यात काय कमी आहे तेही विचारावं. मग तिन्ही लिंक घरातल्या सर्वांत स्वस्त फोनवर, चष्मा लागलेल्या माणसाच्या हातात देऊन उघडायला सांगाव्यात. त्यांनी शेवटची तारीख न विचारता सांगितली, तर तो बॅनर लावावा.